हरवलेला 'न'

गेल्या शनिवारी सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाने माझ्याकडून 350 रुपये दंड घेतला, आणि तोही एका 'न' साठी. आहारावरच्या एका जुन्या पुस्तकात मी 43 रंगीत चिकटपट्ट्या लावल्या होत्या. परत देण्यापूर्वी खिडकीपाशीच उभा राहून त्या भराभर ओढून काढत असताना, ओळीच्या आरंभी असलेले एक अक्षर पट्टीबरोबर निघून आले. मूळ वाक्य 'रात्री दही न खावे' असे होते. आता पुस्तक रात्री दही खाण्याची शिफारस करू लागले.

ग्रंथपाल बाईंनी निमूटपणे पावतीपुस्तक उघडले. प्रकरण तिथेच मिटले असते, परंतु माझ्या मागे, छत्रीवर दोन्ही हात टेकून, एक वयोवृद्ध सभासद उभे होते.

"आधीच निम्मे सभासद सर्दीने बेजार आहेत," ते म्हणाले, "त्यात तुम्ही त्यांना दही चारा." मग त्यांनी उरलेल्या पट्ट्यांकडे बोट केले. "पिवळी म्हणजे काय?"

"महत्त्वाचे."

"आणि गुलाबी?"

"फार महत्त्वाचे."

"हिरवी?"

गुलाबी संपल्या म्हणून हिरव्या लावल्या होत्या, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. त्यांनी पान 112 उघडले आणि तिथली हिरवी पट्टी कशासाठी, असे विचारले. मी पान दोनदा वाचले. त्यावर ताकाविषयी तीन परिच्छेद होते आणि त्यांतले कोणते वाक्य मला तीन महिन्यांपूर्वी मोलाचे वाटले होते, ते मला शेवटपर्यंत आठवले नाही.

"म्हणजे तुम्ही खूण केली आहे, टिपण केलेले नाही," असे म्हणून त्यांनी छत्री माझ्या हाती दिली (ती मी पुढची वीस मिनिटे धरून उभा होतो) आणि खिशातून कोऱ्या कागदाच्या, दोन बोटे रुंदीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. चिठ्ठीच्या वरच्या टोकाला पानाचा क्रमांक लिहायचा, त्याखाली वरून कितवी ओळ ते, आणि मग चार-पाच शब्दांत कारण. त्यांनी लगेच पान 112 साठी बॉलपेनने एक करून दाखवली: '112, ओळ 9, ताक केव्हा घेऊ नये'. चिठ्ठी थेट शिवणीपर्यंत आत सारायची, म्हणजे ती गळत नाही, आणि वर नखाएवढीच ठेवायची, म्हणजे ती दुमडत नाही. अशा दहा-बारापेक्षा अधिक चिठ्ठ्या घातल्या तर पुस्तक फुगते आणि शिवणीवर ताण येतो. तेव्हा तीच नोंद घडी घातलेल्या एका वेगळ्या कागदावर क्रमाने उतरवून चिठ्ठ्या काढून टाकायच्या. वर्तमानपत्राचा कपटा मात्र कधीही घालायचा नाही, कारण त्यातल्या आम्लामुळे पानावर त्याच आकाराचा तपकिरी डाग उमटतो.

वादासाठी मी म्हणालो, की गळणाऱ्या चिठ्ठ्यांना कंटाळूनच तर या चिकटपट्ट्यांचा जन्म झाला. स्पेन्सर सिल्व्हर यांनी 1968 साली हा अर्धवट चिकटणारा गोंद शोधला आणि 1974 मध्ये आर्ट फ्राय यांना, प्रार्थनागीतांच्या पुस्तकातून खुणेचे कागद पडतात म्हणून, त्याचा उपयोग सुचला.

"त्यांचा कागद धड असणार. शिवाय तुम्ही ती तीन महिने ठेवली आणि मग वर हिसडली. पट्टी तिच्याच अंगावर मागे दुमडत, पानाला जवळजवळ समांतर, सावकाश सोलायची असते."

घरच्या पुस्तकात समासात लिहायला त्यांची हरकत नव्हती; फक्त एचबी पेन्सिल हवी आणि हात हलका हवा. फार मऊ पेन्सिल समोरच्या पानाला काळे करते, फार कठीण पेन्सिल पानावर चर पाडते आणि तो चर खोडून जात नाही. खोडायचे झाले तर शिवणीजवळ पान दाबून धरायचे आणि खोडरबर आतून बाहेर, एकाच दिशेने फिरवायचे. खुणाही तीनच ठेवायच्या: उभी रेघ म्हणजे लक्षात ठेवणे, प्रश्नचिन्ह म्हणजे पटले नाही, फुली म्हणजे चूक, आणि फुलीपुढे दुसऱ्या पानाचा क्रमांक नसेल तर ती फुली नव्हे, नुसता राग. हे सारे उपयुक्त होते, हे मला मान्य आहे. परंतु मागे सहा माणसांची रांग ऐकत असताना ते उपयुक्त वाटत नाही.

दंड भरून, त्यांची ती नमुन्याची चिठ्ठी निमूटपणे खिशात घालून, मी त्याच पुस्तकाचा दुसरा भाग घरी आणला. रात्री पान 87 वर आलो तेव्हा समासात निळ्या बॉलपेनने, मागची दोन पाने बोटांना जाणवावीत इतक्या जोराने, एक फुली मारलेली होती आणि पुढे लिहिले होते: 'पाहा पृ. 41'. मी पान 41 पाहिले. लेखक तिथे खरोखरच नेमके उलट म्हणत होता.

मग खिशातली चिठ्ठी काढून त्या समासाशेजारी ठेवली. दोन्हींकडच्या 1 ला वर तशीच लांब शेंडी होती.