बेरीज जुळत नाही म्हणून लगेच चोर म्हणायचं?

"सावधान!! सोसायटीचा, पतसंस्थेचा डॅशबोर्ड उघडा आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा. (1) वरच्या आकड्यांची बेरीज खालच्या 'एकूण' एवढी येत नसेल तर हिशोबात घोळ आहे. (2) रिफ्रेश केल्यावर आकडा बदलला तर मागून कुणीतरी हात मारतंय. (3) प्रामाणिक माणूस फरक 'इतर' मध्ये टाकून बेरीज जुळवून देतो. (4) नाहीतर दशांश वाढवा, सगळं आपोआप जुळतं. पुढे पाठवा."

हा मेसेज याआधी निदान चार ग्रुपवर बघितला होता आणि सोडून दिला होता. पण आता तो माझ्या आत्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर पोचलाय, आत्या तिथली खजिनदार आहे, आणि दोन काकांनी खाली "ताई, उत्तर द्या" असं लिहून ठेवलंय. ताईंनी व्हाउचरं जपायची, वॉचमनच्या एजन्सीशी भांडायचं आणि वर हे. तर उत्तर मी देतो, जरा लांब आहे, वाचा.

पहिल्या मुद्द्यासाठी सोसायटी बाजूला ठेवा, सरळ देशाची जनगणनाच घ्या. 2011 च्या जनगणनेचे धर्मवार आकडे ऑगस्ट 2015 मध्ये जाहीर झाले तेव्हा कोटीत, दोन दशांशांपर्यंत दिले होते. हिंदू 96.63, मुस्लिम 17.22, ख्रिश्चन 2.78, शीख 2.08, बौद्ध 0.84, जैन 0.45, इतर धर्म 0.79, धर्म न सांगितलेले 0.29. एकूण 121.09. आता घ्या तुमचा कॅल्क्युलेटर. आठ आकड्यांची बेरीज 121.08 येते. फरक 0.01 कोटी, म्हणजे एक लाख माणसं! मेसेजच्या हिशोबाने जनगणनावाल्यांनी एक लाख माणसं खाल्ली.

खाल्ली नाहीत. पूर्ण आकडे उपलब्ध आहेत, ते सगळे मिळवले की 1,21,08,54,977 येतात, शेवटच्या माणसापर्यंत बरोब्बर. झालं एवढंच की आठही ओळी वेगवेगळ्या राऊंड केल्या. त्यातल्या पाच खाली आल्या (मुस्लिम 17.2245 होते ते 17.22 झाले, बौद्ध 0.8443 चे 0.84), तीन वर गेल्या, आणि खाली गेलेलं वर गेलेल्यापेक्षा थोडं जास्त भरलं. तिकडे एकूण आकडा 121.0855 च्या जवळ, तो राऊंड होऊन वर 121.09 ला गेला. प्रत्येक ओळ आपापल्या जागी बरोबर आहे, एकूणही बरोबर आहे, आणि तरी बेरीज जुळत नाही. टक्क्यांचंही हेच. संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मॉस्टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये हे गणित मांडून ठेवलंय, राऊंड केलेल्या तीन टक्क्यांची बेरीज बरोब्बर 100 यायची शक्यता साधारण पाऊण आणि चार असतील तर दोन तृतीयांश, ओळी वाढतील तशी ती आणखी कमी होत जाते. म्हणजे दहा ओळींचा तक्ता दर महिन्याला न चुकता 100 दाखवत असेल तर उलट मला शंका येईल.

आता तिसरा मुद्दा, कारण सगळ्यात घातक हाच आहे आणि तोच प्रामाणिकपणाच्या नावाखाली पाठवलाय. 'इतर' मध्ये टाका म्हणे! हे केल्यावर काय होतं ते आकड्यांनिशीच बघू (आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, सोसायटीचे नाहीत, उगाच स्क्रीनशॉट काढू नका). समजा एका महिन्याचा खर्च असा: सिक्युरिटी 1,84,400, टँकर 1,14,300, लाईटबिल 74,200, लिफ्ट 44,400, इतर 12,600. एकूण 4,29,900. डॅशबोर्डवर हे लाखात, एका दशांशाने दिसतं, कारण मोबाईलवर दिसणाऱ्या छोट्या चौकटीत, म्हणजे कार्डवर, त्याहून जास्त मावत नाही: 1.8, 1.1, 0.7, 0.4, 0.1 आणि एकूण 4.3. बेरीज मात्र 4.1. 0.2 कमी पडले म्हणून तुमच्या प्रामाणिक माणसाने ते 'इतर' मध्ये टाकले, तिथे 0.3 झालं. साडेबारा हजारांचा खर्च आता तीस हजार दिसतोय, आणि उद्या सभेत पहिला प्रश्न हाच येणार की इतर खर्च तीस हजार कसला.

बरं एवढ्यावर भागत नाही, कारण डॅशबोर्ड एकदा छापून भिंतीवर लावलेला कागद नाही, तो रोज रात्री नव्याने तयार होतो. दुसऱ्या दिवशी सिक्युरिटीचं 700 रुपयांचं बिल आलं, 1,85,100 झाले, दिसणार 1.9. एकूण 4,30,600, म्हणजे अजूनही 4.3. मग 'इतर' आपोआप 0.2 वर. तिसऱ्या दिवशी 800 चा टँकर, 1,15,100 म्हणजे 1.2, एकूण 4,31,400 म्हणजे परत 4.3, आणि 'इतर' 0.1 वर. तीन दिवसांत इतर खर्च तीस हजारांवरून दहा हजारांवर आला, आणि त्या खात्यात एक रुपया हललेला नाही! बघणाऱ्याला वाटणार कुणीतरी व्हाउचर काढून घेतलं. थोडक्यात मेसेजच्या दुसऱ्या मुद्द्यातला संशय तिसऱ्या मुद्द्यातला उपाय स्वतःच तयार करतो.

याची जरा सभ्य आवृत्तीही आहे, ती सांगतो नाहीतर कुणीतरी हुशार माणूस खाली कमेंट करेलच. सगळे आकडे आधी खाली उतरवायचे आणि एकूण जुळायला जेवढे कमी पडतात ते, ज्यांचा कापलेला अपूर्णांक सगळ्यात मोठा त्यांना 0.1, 0.1 करून वाटायचे. यात कुठलीच ओळ 0.1 पेक्षा जास्त हलत नाही, वरच्या उदाहरणात 'इतर' वर 0.2 चढतात तसं होत नाही. एकदाच छापायच्या तक्त्याला चालेल, खाली तसं लिहून. पण नव्याने तयार होणाऱ्या डॅशबोर्डला नको, कारण यात एका ओळीचा आकडा दुसऱ्यांच्या हालचालीवर ठरतो. अमेरिकेत प्रतिनिधीगृहाच्या जागा याच पद्धतीने वाटायच्या तेव्हा 1880 च्या जनगणनेनंतर लक्षात आलं की एकूण 299 जागा असतील तर अलाबामाला 8 मिळतात आणि 300 केल्या तर 7. एकूण वाढलं आणि वाटा घटला. हे सभेत कोण समजावून सांगणार, तुम्ही?

दुसरा मुद्दा वर निम्मा निघालाच. वर बघा, 700 रुपयांनी 1.8 चा 1.9 झाला, दिसायला दहा हजारांची उडी. उशिरा आलेलं बिल मागच्या तारखेला चढवलं तरी जुना महिना बदलतो, त्यात लपवाछपवी काही नाही, फक्त कार्डवर "अमुक तारखेपर्यंतच्या नोंदी" असं लिहिलेलं पाहिजे आणि महिनाअखेरची एक प्रत गोठवून ठेवलेली पाहिजे. कधीकधी तर डेटा तोच असतो पण डॅशबोर्ड गूगल शीट्समधून काढून पायथनवर नेलेला असतो, आणि दोघांचा बरोब्बर अर्ध्यावरचा नियम वेगळा आहे:

```
=ROUND(2.5, 0)    शीट्स, एक्सेल: 3
round(2.5)        पायथन 3: 2
```

एक खरी चूक मात्र इथे सर्रास होते, आधीच राऊंड केलेला आकडा पुन्हा राऊंड करणं. जनगणनेतलीच जैनांची ओळ घ्या, 44,51,753. थेट एका दशांशाने कोटीत 0.4. पण कुणी 0.45 साठवून ठेवला आणि डॅशबोर्डने त्यावरून एक दशांश काढला तर 0.5. साडेचव्वेचाळीस लाखांचे पन्नास लाख. म्हणून मूळ रुपये साठवायचे, राऊंड फक्त दाखवताना, आणि 'एकूण' मूळ रुपयांवरून काढायचं, दिसणाऱ्या आकड्यांवरून नाही:

```
=ROUND(SUM(B2:B6)/100000, 1)    बरोबर: B मध्ये रुपये
=SUM(C2:C6)                     चूक: C मध्ये राऊंड केलेले लाख
```

दुसऱ्या ओळीने बेरीज छान जुळते, 4.1 ला 4.1, फक्त खर्च वीस हजारांनी कमी दिसतो.

चौथ्या मुद्द्यात तथ्य आहे, नाईलाजाने मान्य करतो. दशांश वाढवले की फरक लहान होत जातो, वरचाच महिना दोन दशांशांनी मांडला तर 1.84, 1.14, 0.74, 0.44, 0.13 ची बेरीज 4.29 आणि एकूण 4.30. लहान झाला, गेला नाही. पण याचा तपासणीसाठी फार चांगला उपयोग आहे. राऊंडिंगचा फरक प्रत्येक दशांशागणिक आकसत जातो आणि पूर्ण रुपये-पैशांवर आलात की शून्य होतो. दशांश वाढवूनही जो फरक हलत नाही तो राऊंडिंगचा नाहीच. आणि त्याला कमाल मर्यादाही आहे: प्रत्येक आकडा शेवटच्या घराच्या अर्ध्याएवढाच हलू शकतो, पाच ओळी आणि एक एकूण असे सहा आकडे, सहा गुणिले 0.05, म्हणजे जास्तीत जास्त 0.3 लाख. वरचा 0.2 चा फरक त्यात बसतो. 0.5 चा असता तर मी स्वतः आत्याला फोन केला असता.

पण मर्यादेत बसला म्हणजे सगळं स्वच्छ असंही नाही हं, तीस हजारांच्या फटीत वीस हजारांची चूक आरामात लपते. म्हणून डॅशबोर्डनेच रोज रात्री पूर्ण रुपयांत ताळा करावा, सगळ्या खात्यांची बेरीज एकीकडे आणि बँक पासबुक अधिक रोख वहीतून निघालेला खर्च दुसरीकडे, आणि फरक शून्य नसेल तर कार्ड लाल. दोन्ही बाजू एकाच शीटमधून काढल्या तर त्या ताळ्याला काही अर्थ नाही.

आत्याला मी कार्डाखाली ही ओळ टाकायला सांगितलीये: "आकडे लाखात, प्रत्येक आकडा वेगळा राऊंड केला आहे, एकूण मूळ रुपयांवरून काढलं आहे, त्यामुळे वरच्या आकड्यांची बेरीज 0.3 पर्यंत वेगळी येऊ शकते. पूर्ण रुपये बघण्यासाठी इथे दाबा." यातलं शेवटचं वाक्य नसेल तर आधीचं नुसतं कारण सांगणं होतं. शिवाय पाच हजारांपेक्षा कमी खर्च 0.0 न दाखवता "0.1 पेक्षा कमी" असा दाखवायचा, नाहीतर पुढचा मेसेज शून्य खर्चाच्या व्हाउचरवर येईल.

आणि ग्रुपवरच्या काकांनो, रुपयांत फरक सापडला तर जरूर विचारा, पण आधी खात्याचं नाव रिकामं राहिलेल्या नोंदी शोधा. त्या एकूणात धरल्या जातात आणि कुठल्याच ओळीत दिसत नाहीत, मी बघितलेल्या शीट्समध्ये खरा फरक बहुतेक वेळा तिथेच निघालाय.