विचारल्याशिवाय कुणाचेही नाव फॉर्ममध्ये घालू नका

आज सकाळी कॉलेजमध्ये स्पॅममधले मेल चाळत असताना परदेशातल्या एका विद्यापीठाच्या प्रवेश पोर्टलवरून आपोआप आलेला एक मेल सापडला. आमच्याकडून मेकॅनिकल करून बाहेर पडलेल्या एका माजी विद्यार्थ्याने एम.एस.च्या अर्जात रेफरन्स म्हणून माझे नाव दिले होते, आणि पत्र पाठवण्याची मुदत उद्या संपत होती. या मुलाने मला फोन केला नव्हता, कुणाकडून निरोप धाडला नव्हता, साधा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजसुद्धा टाकला नव्हता. फॉर्ममध्ये माझे पद विभागप्रमुख असे लिहिले होते, आणि ते पद मी केव्हाच सोडले आहे. शेवटी मीच त्याला फोन लावला, तेव्हा उत्तर आले, "सर, तुम्ही एचओडी होता, म्हणून तुमचंच नाव घातलं की." त्या उत्तराचा मला राग आला आणि तो अजून पुरता उतरलेला नाही.

त्या लिंकवर क्लिक केल्यावर आम्हा शिक्षकांना काय दिसते, हे मुलांना बहुधा ठाऊकच नसते. या विद्यार्थ्याला तुम्ही किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता, हा पहिला प्रश्न असतो. पुष्कळ ठिकाणी त्यानंतर एक तक्ता येतो. विश्लेषणाची क्षमता, स्वतंत्रपणे काम करण्याची तयारी, लेखन, इतरांबरोबर काम करण्याची वृत्ती, अशा प्रत्येक गुणासमोर हा विद्यार्थी तुम्ही शिकवलेल्यांपैकी पहिल्या ५ टक्क्यांत बसतो, १० टक्क्यांत, २५ टक्क्यांत, की 'सांगता येत नाही', यापैकी एकावर खूण करायची असते. मग लेटरहेडवरचे, सही केलेले पत्र अपलोड करायचे. हा मुलगा माझ्या एका थिअरीच्या विषयाला भरलेल्या वर्गात बसत होता, एवढीच माझी त्याची ओळख. त्याचा प्रोजेक्ट दुसऱ्या सरांकडे होता. मी प्रामाणिकपणे तक्ता भरला असता तर बहुतेक सगळ्या खुणा 'सांगता येत नाही' या रकान्यात गेल्या असत्या. अशा पत्रात निंदेचा एक शब्दही नसतो, तरी निवड समितीला त्यातून हेच समजते की चार वर्षांत या मुलाला जवळून ओळखणारा एकही शिक्षक सापडला नाही. मोठे पद असलेल्या माणसाचे कोरडे पत्र हे साध्या लेक्चररच्या भरीव पत्रापुढे फिके पडते, हे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे.

रेफरी पत्र पाठवत नाही तोपर्यंत बहुतेक पोर्टलवर त्याचे नाव बदलता येते. म्हणून मी त्याला माझे नाव काढून प्रोजेक्ट गाइडचे नाव घालायला सांगितले, पण आधी त्यांना फोन करून विचार, असेही बजावले. त्यांनी होकार दिला. मात्र एका रात्रीत त्या पत्रात किती जीव येणार, हे मला शिक्षक म्हणून चांगले कळते.

याच संदर्भात मला आमची एक विद्यार्थिनी आठवते. कागलकडच्या एका गावातून रोज एसटीने यायची. तिला मटेरियल सायन्समध्ये मास्टर्स करायचे होते. मुदतीच्या महिनाभर आधी ती माझ्या केबिनमध्ये आली आणि तिने जो प्रश्न विचारला, तो मी तेव्हापासून प्रत्येक बॅचला सांगतो. "सर, माझ्याबद्दल तुम्हाला चांगलं आणि सविस्तर लिहिता येईल का? नसेल जमत तर मोकळेपणाने सांगा, मी दुसऱ्यांना विचारेन." नुसते 'रेफरन्स द्याल का' असे विचारले तर भिडेपोटी कुणीही हो म्हणतो. तिने असे विचारल्यामुळे मला नकार देण्याची वाट मोकळी राहिली, आणि म्हणूनच माझ्या होकाराला काही अर्थ उरला.

त्यानंतर तिने माझ्या हातात एकच पान ठेवले. त्यावर कोणत्या विद्यापीठात, कोणत्या अभ्यासक्रमाला अर्ज करते आहे, मुदत कधी संपते आणि ती वेळ आपल्या घड्याळात किती वाजता येते, हे लिहिले होते. पोर्टलचा मेल कोणत्या पत्त्यावरून येईल आणि त्याच्या विषयाच्या ओळीत काय असेल, हेही होते, म्हणजे तो स्पॅममध्ये गेला तरी शोधता यावा. माझे नाव, पद आणि कॉलेजचा अधिकृत ईमेल तिने माझ्याकडून वाचून तपासून घेतला, कारण अनेक विद्यापीठे जीमेलच्या पत्त्यावरून आलेले पत्र शंकेने पाहतात किंवा तो पत्ता स्वीकारतच नाहीत. सोबत गुणपत्रके, बायोडाटा आणि स्वतःच्या उद्देशपत्राचा कच्चा मसुदा होता.

परंतु त्या पानाचा खरा कस त्याच्या खालच्या अर्ध्या भागात होता. तिने स्वतःची स्तुती लिहिली नव्हती, मी प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टींची आठवण करून दिली होती. तिचा प्रोजेक्ट शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत होता. ओल्या वाळूच्या साच्यांतल्या कास्टिंगला ब्लोहोल पडत होते, आणि वाळूतला ओलावा शिफ्टमध्ये मोजक्याच वेळा तपासला जात असल्यामुळे दोष नेमका केव्हा वाढतो, हे कळत नव्हते. हिने दर तासाला नमुना घेतला, ओलावा आणि पर्मिएबिलिटी दोन्ही नोंदवले आणि वाळूचे तापमानही लिहून ठेवले. शिफ्ट पुढे सरकते तशी परत येणारी वाळू गरमच मिक्सरमध्ये जाते, तिचा ओलावा हाताबाहेर जातो आणि त्याच वेळी रिजेक्शन चढते, हे त्या नोंदींतून स्पष्ट दिसले. हे सगळे मी गाइड म्हणून पाहिले होते, तरी दोन वर्षांनंतर वाळूच्या तापमानाची कल्पना तिची स्वतःची होती, हे मला तिने आठवण केल्याशिवाय लिहिता आले नसते. पत्रात जो परिच्छेद सगळ्यांत वजनदार ठरला, तो हाच.

तिसऱ्या सेमिस्टरमध्ये तिची गणिताची केटी लागली होती. तेही तिने त्याच पानावर लिहिले, वडिलांच्या आजारपणाचे कारण एका ओळीत सांगितले आणि म्हटले, "सर, याचा उल्लेख करायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण ही गोष्ट तुम्हाला गुणपत्रिकेतून कळायला नको." मुले नेमक्या याच गोष्टी दडवतात. ज्याला तुम्ही तुमच्या बाजूने उभे करता, त्याला तुमची कमकुवत बाजू आधी माहीत असली पाहिजे, म्हणजे त्याला ती समजावून सांगता येते. मी त्या पत्रात केटीचा उल्लेख केला आणि पुढच्या वर्षी त्याच विषयाच्या पुढच्या पेपरला तिने किती चांगले गुण मिळवले, हेही लिहिले.

तिला दोन रेफरन्स शिक्षकांचे हवे होते आणि तिसरा कामाच्या ठिकाणचा चालणार होता. तिच्या काकांची एका संस्थाचालकांशी ओळख होती आणि घरचे सगळे त्यांचेच नाव घाल म्हणून मागे लागले होते. तिने ते नाव घातले नाही. माझ्याबरोबर तिने गणिताच्या मॅडमना निवडले, कारण केटीनंतरची तिची मेहनत त्यांनीच पाहिली होती, आणि तिसरे नाव फाउंड्रीतल्या क्वालिटी इन्चार्जचे दिले, ज्यांच्या नावापुढे मोठी पदवी नव्हती, पण हातात स्टॉपवॉच आणि नमुन्याचा डबा घेऊन शॉपफ्लोअरवर उभी असलेली ही मुलगी त्यांनी रोज पाहिली होती. आम्हा तिघांनाही तिने बाकीचे दोघे कशाबद्दल लिहिणार आहेत हे सांगितले होते, त्यामुळे तीच ती वाक्ये तीन पत्रांत आली नाहीत.

अमेरिकेचे अर्ज भरणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तिथल्या १९७४ च्या कायद्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक नोंद पाहण्याचा हक्क मिळतो, आणि शिफारसपत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का, असा प्रश्न फॉर्ममध्ये असतो. मुले घाबरून 'नाही' म्हणतात. तो हक्क सोडला तर पत्र गोपनीय राहते आणि वाचणाऱ्याचा त्यावर जास्त विश्वास बसतो. ज्या माणसाने तुमच्या पाठीमागे काय लिहिले असेल याची तुम्हाला धास्ती वाटते, त्याचे नाव मुळात द्यायलाच नको.

आता माझ्या व्यवसायबंधूंबद्दल. "तूच लिहून आण, मी सही करतो," असे सांगणारे आमच्यात थोडेथोडके नाहीत, आणि हे मला मुलांच्या निष्काळजीपणापेक्षा अधिक बोचते. तपासायचे पेपर, नॅकची कागदपत्रे आणि सत्तर मुलांचा वर्ग यांत वेळ मिळत नाही, हे मान्य. पण वेळ नसेल तर नाही म्हणावे. एकाच मुलाने एकाच रात्री लिहिलेली तीन पत्रे तीन नावांनी जातात, तेव्हा त्यांची भाषा एकसारखी येते आणि ते अनुभवी वाचकाच्या नजरेतून सुटत नाही. काही मुले तर सरांच्या नावाने स्वतःच ईमेल उघडून पत्र पाठवतात. हे उघडकीस आले तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो, हे पालकांनीही ध्यानात ठेवावे.

नोकरीच्या फॉर्मलाही हेच लागू आहे, पण तिथे एक धोका जास्त आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल इथल्या कारखान्यांत एकमेकांना न ओळखणारे साहेब विरळाच. तुम्ही सध्याच्या वरिष्ठांचे नाव त्यांना न सांगता दिलेत आणि नव्या कंपनीने फोन केला, तर हातात ऑफर नसताना बातमी इथे फुटलेली असते. अशा वेळी आधीच्या नोकरीतल्या वरिष्ठांचे नाव द्यावे, आणि सध्याच्या ठिकाणी ऑफर मिळाल्यानंतर माझ्या परवानगीनेच संपर्क करावा, असे फॉर्ममध्ये स्पष्ट लिहावे. ज्यांचे नाव देता त्यांना फोन साधारण कधी येईल, कुठल्या पदासाठी येईल, तुमची रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख काय आणि सोडण्याचे कोणते कारण तुम्ही मुलाखतीत सांगितले आहे, एवढे कळवून ठेवा. पडताळणी करणारे हेच विचारतात, आणि या माणसाला पुन्हा कामावर घ्याल का, हेही विचारतात. काही मोठ्या कंपन्यांत वरिष्ठांना तारखा आणि पद यापलीकडे काही बोलायला मनाई असते, तेव्हा तेही त्यांना आधीच विचारून घ्यावे.

एवढे लिहिल्यावर राग बराच निवळला आहे. माझ्या मित्रयादीत शेवटच्या वर्षाची पुष्कळ मुले आहेत, त्यांना सांगतो, या आणि विचारा. संकोच करू नका, नाही म्हणायचे असेल तर मी तोंडावर नाही म्हणेन आणि कुणाकडे जायचे तेही सांगेन. ते एक पान घेऊन या. मुदतीच्या आठवडाभर आधी एक आठवण करा आणि दोन दिवस आधी आणखी एक, मला त्याचा त्रास होत नाही. निकाल काहीही लागला तरी कळवा, कारण प्रवेशानंतर शिष्यवृत्तीच्या अर्जाला पुन्हा माझीच सही लागू शकते आणि तेव्हा मला तुमची फाइल कपाटातून शोधून काढावी लागेल.