पहिल्या फोनमध्ये ‘दूध आलं का?’ नको

‘आजकालच्या मुली फार नाजूक झाल्यात. बाळ झाल्याचं कळलं की पेढे की बर्फी, नॉर्मल की सिझर, वजन किती, दूध आलं का, एवढं विचारणं ही आपली जुनी आपुलकी आहे. न विचारणारे ते परके. आणि काही कमीजास्त असेल तर मोठ्यांना आधी कळायला नको का?’
(पुण्यातल्या कितीतरी घरांच्या ग्रुपवर फिरणारा मजकूर)

मी पुण्यातल्या प्रसूतिगृहांत सिस्टर म्हणून काम केलं. असे फोन येतात तेव्हा त्या खाटेशेजारी मी उभी असायचे, म्हणून हे लिहिते आहे. विचारणारी माणसं मायेचीच असतात. पण चारपैकी एक प्रश्न असा आहे की तो पहिल्या दोन दिवसांत विचारला तर बाळाच्या पोटापर्यंत त्याचा परिणाम पोचतो. त्यापासूनच सुरुवात करते.

दुधाचा प्रश्न. वार पडल्यावर आईच्या शरीरातले संप्रेरक बदलतात आणि त्यानंतर दूध भरून यायला साधारण दोन ते चार दिवस लागतात. सिझर झालं असेल तर कधीकधी आणखी एखादा दिवस. तोपर्यंत येतो तो चीक, घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा. बाळाला पहिल्या दिवशी एका वेळी लागतो तोही चहाच्या चमचाभर. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी ‘आलं का?’ म्हटलं की बाईकडे खरं उत्तर एकच असतं, ‘नाही अजून’. सगळं अगदी वेळेवर चाललेलं असतं, आणि तरी तिला वाटतं आपल्यात काही कमी आहे.

कोथरूडची एक मुलगी आठवते. पहिलीच खेप, दिवसभर कळा देऊन रात्री सिझर झालं. बाळ २.९ किलोचं, अंगावर छान ओढत होतं. सकाळी मावशीचा फोन आला, मग चुलत सासूबाई भेटायला आल्या, मग शेजारच्या काकू. प्रत्येकीने तेच विचारलं. दुपारपर्यंत ती रडवेली झाली आणि संध्याकाळी नवरा खाली जाऊन पावडरचा डबा घेऊन आला. बाटलीभर पिऊन बाळ तीन-चार तास गाढ झोपलं आणि घरचे म्हणाले, बघा, भुकेलंच होतं! पण तेवढा वेळ ते अंगावर प्यायलं नाही. बाळ ओढतं तेवढंच दूध शरीर तयार करतं, त्यामुळे न ओढल्याचा हिशेबही शरीर ठेवतं. तिसऱ्या दिवशी खरंच दूध भरून आलं तेव्हा छाती दगडासारखी कडक झाली आणि बाटलीची सवय लागलेल्या बाळाला ती तोंडात धरता येईना.

आम्ही बाटली बंद केली. थोडं दूध हाताने काढून छाती मऊ केली, बाळाला उघडं करून तिच्या अंगावर ठेवलं, काढलेलं दूध वाटी-चमच्याने दिलं आणि दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायला लावलं. त्या दिवशी बाळाचं वजन २.७ किलो होतं, पुन्हा घबराट. नवजात बाळाचं वजन पहिल्या दिवसांत सात टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत परत जन्माच्या वजनावर येतं. याचं तसंच झालं. त्या मुलीचं दूध पुढे व्यवस्थित पुरलं, पण ते तीन दिवस तिने विनाकारण भोगले. काळजीने पान्हा अडतो हे आपल्या आज्यांना माहीत होतंच.

मग काही बिनसलं तर कळणार कसं? फोनवरून कळत नाही, लंगोटावरून कळतं. पहिल्या दिवशी एखादी शू, दुसऱ्या दिवशी दोन, आणि पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त. काळी शी पाचव्या दिवसाच्या आसपास पिवळी व्हायला हवी. बाळ सुस्त पडलं, पाजायला उठेना, पाचव्या दिवसानंतरही सात-आठ तास शू नाही, अंग पिवळं दिसतंय, वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं, आणि अशा वेळी ते वरचं दूध द्यायला सांगतील तर द्यायचं. हे पाहायला वॉर्डात माणसं आहेत. दुसऱ्या गावाहून केलेल्या फोनने यातलं काहीच लवकर कळत नाही.

सिझरबद्दल थोडंच सांगते. बाळाचे ठोके पडले, डोकं खाली सरकेना, अशा कारणांनी निर्णय घ्यावा लागतो. तासन्‌तास कळा सोसलेल्या बाईने टाके दुखत असताना त्याचं स्पष्टीकरण कुणाला का द्यावं? ‘डॉक्टरांना पैसेच हवे असतात’ हे वाक्य तर त्या खोलीत नकोच. आणि वजनाचं म्हणाल तर अडीच किलोच्या वरचं बाळ कमी वजनाचं नसतं. ‘आमचा साडेतीनचा होता’ हे ऐकून तिने काय करायचं?

पेढे की बर्फी हा प्रश्न ऐकायला गोड आहे. पण उत्तर ‘बर्फी’ आलं की पलीकडून येतं, ‘असू दे, पहिली बेटी धनाची पेटी’. कुणी दुःख केलेलं नसताना केलेलं हे सांत्वन असतं आणि बाळंतिणीला ते बरोबर कळतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. त्या ‘असू दे’च्या मागे काय आहे ते हा आकडा सांगतो. मुलगा की मुलगी हे आईबाप आपणहून सांगतातच, आणि सांगितल्यावर दोन्ही वेळी तेवढ्याच आनंदाने ‘वा!’ म्हणावं. ‘आता पुढचा मुलगा’ हे कधीच नको.

आता जुन्या आपुलकीबद्दल. जुन्या काळी बाळंतिणीच्या खोलीत पहिले दहा दिवस सोयर पाळलं जायचं, बाहेरच्यांची ये-जा कमी असायची, लोक बाळाला बघायचे ते बारशाला. शिवाशिवीचा भाग गेला ते चांगलंच झालं, पण त्या दहा दिवसांत दूध स्थिरावायचं, टाके भरायचे. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बहुतेक बायकांना कारण नसताना रडू येतं, ते दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही तर डॉक्टरांना सांगावंच लागतं. आता फोटो तासाभरात पन्नास घरी पोचतो आणि प्रश्न नेमके याच दिवसांत येतात.

बाळ काचेच्या पेटीत असेल तेव्हा लोक गप्प बसतात किंवा ‘कधी सोडणार?’ विचारतात. तेव्हाही आधी अभिनंदनच करा, कारण ती आई झालेली आहे आणि ते तिला कुणीच म्हणालेलं नसतं. ओळखीतल्या दुसऱ्या बाळाची गोष्ट सांगू नका, चांगली नको आणि वाईटही नको.

विचारलं नाही तर परकं वाटेल अशी भीती असेल, तर मावशीने भाचीला असं लिहावं: ‘अभिनंदन गं बाळा! तुमच्या पिल्लाचं खूप खूप स्वागत. उत्तर द्यायची घाई करू नकोस. उद्या संध्याकाळचा डबा मी पाठवते, तुझ्या आईला विचारून मऊ भात आणि मुगाचं वरण. डबा खाली वॉचमनकडे ठेवीन.’ वर यायचं की नाही ते तिच्या आईने ठरवावं. बोलावलं तर हात धुऊन दहा मिनिटं बसावं, आणि पाजायची वेळ झाली की न सांगता उठावं.