वर्षाला एक किलो: दादाने पाठवलेल्या मेसेजला उत्तर

"चाळिशीनंतर वर्षाला किलोभर वजन वाढणं नैसर्गिकच आहे, मेटाबॉलिझम मंदावतो, ते थांबवता येत नाही. वजनकाटा घरात ठेवू नका, रोजचे आकडे खोटे असतात, उगाच टेन्शन येतं. पॅन्ट घट्ट झाली की तेव्हा बघा. तोवर सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घ्या, चरबी वितळते. सर्वांना पाठवा."

हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर माझ्या थोरल्या भावाने टाकला. त्याच्या तीन आठवडे आधी त्याचा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा, ६.१ आला होता, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मी आहारतज्ज्ञ आहे, रोज हेच काम करते, आणि माझ्याच घरात हे फिरतंय. फोन केला तर म्हणतो, "तू काहून एवढी तापून राहिली? चाळिशी झाली की होतंच ना असं." रविवारी मी त्रिमूर्तीनगरला त्याच्या घरी गेले आणि वहिनीकडून जुन्या कागदांची पिशवी काढून घेतली.

पिशवीत दादाची चार वजनं सापडली. विम्याच्या तपासणीचा कागद, वय २६: ६३ किलो. रक्तदानाचं कार्ड, वय ३३: ७०. ऑफिसची तपासणी, वय ४०: ७६. आत्ताचा रिपोर्ट, वय ४७: ८२. दर सात वर्षांना सहा-सात किलो. सगळ्यात जास्त वाढलं ते २६ ते ३३ या काळात, तेव्हा चाळिशी कुठे होती?

ऑगस्ट २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांचा अभ्यास आला. आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत. खास समस्थानिकांचं पाणी पाजून शरीर दिवसाला किती ऊर्जा खर्च करतं, ते मोजलं होतं. शरीराचं आकारमान आणि स्नायू हिशेबात धरले तर २० ते ६० या वयात हा खर्च जवळपास स्थिर राहतो. घसरण सुरू होते साठीच्या आसपास, आणि तीही वर्षाला साधारण ०.७ टक्के. म्हणजे दादाचे १९ किलो मंदावलेल्या मेटाबॉलिझमच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. बसून राहणाऱ्या माणसाचे स्नायू वयाबरोबर कमी होतात, आणि स्नायू घटले की खर्चही थोडा घटतो. पण त्याचा अर्थ मेसेजच्या उलट निघतो. स्नायू घटून त्यांची जागा चरबीने घेतली तर काटा तोच आकडा दाखवेल, म्हणून काट्यासोबत टेपही हवा.

माझा खरा राग आहे तो काटा आणि पॅन्ट या दोन सल्ल्यांवर. पॅन्टचंच आधी. दादाची पॅन्ट गेली बारा वर्षं ३६ नंबरची आहे आणि ती त्याला अजूनही बसते, कारण तो पट्टा पोटाखाली बांधतो. पोट वरून पुढे आलं, पट्टा खाली सरकला, नंबर तसाच राहिला. मी टेप लावला: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, श्वास सहज सोडल्यावर. आधी त्याने पोट आत ओढून धरलं. सोडायला लावलं तर १०१ सेंटीमीटर. आपल्याकडे पुरुषांसाठी मर्यादा ९० आहे, बायकांसाठी ८०. पॅन्टने त्याला एका शब्दाने सांगितलं नाही.

त्याची उंची १६८ सेंटीमीटर. भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. दादासाठी हे आकडे म्हणजे ६५ आणि साडेसत्तर किलो. पहिली रेषा त्याने अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आसपास ओलांडली आणि दुसरी चौतिशीच्या सुमारास. तेव्हा कुणाला कळलंच नाही.

आता "रोजचे आकडे खोटे". वर्षाला एक किलो म्हणजे आठवड्याला जेमतेम २० ग्रॅम. रोजचं वजन मात्र पाणी, मीठ आणि पोटातल्या अन्नामुळे किलोभर वर-खाली होतं. दादाला मी आठवडाभर काट्यावर उभं केलं: ८२.०, ८१.८, ८२.१, ८३.०, ८२.५, ८२.१, ८१.८. तो ८३ चा आकडा सावजी मटणाच्या दुसऱ्या सकाळचा, मिठाने धरून ठेवलेलं पाणी. एवढ्या हेलकाव्यात २० ग्रॅम दिसणार नाहीत, म्हणून एकेका आकड्याकडे बघायचंच नसतं. सात दिवसांची सरासरी काढायची: ८२.२. पुढच्या आठवड्याची आली ८२.१. रोजचा आकडा नाचतो, पण सरासरी फारशी हलत नाही.

पद्धत साधी आहे. डिजिटल काटा गादीवर किंवा चटईवर न ठेवता फरशीवर, रोज त्याच जागी. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत. आकडा कॅलेंडरवर लिहायचा, रविवारी सरासरी. पहिल्या दोन आठवड्यांची सरासरी हा पाया. त्यात दीड किलो मिळवून रेघ मारायची. सरासरी सलग दोन आठवडे रेघेच्या वर राहिली तर ते पाणी नाही, हे समजायचं. दिवाळीच्या फराळानंतर एक आठवडा वर जाईल, त्याने घाबरू नये, पण दुसराही वर गेला तर वाट बघत बसू नये. आपल्या उन्हाळ्यात घामाने वजन कमी दिसू शकतं, म्हणून मे महिन्याची तुलना मागच्या मेशीच करावी.

दीड किलोवर पकडलं तर काम छोटं असतं. रोज ३०० कॅलरी कमी, पाच-सहा आठवडे. संध्याकाळच्या चहासोबतचं वाटीभर फरसाण, साधारण ५० ग्रॅम, पावणेतीनशेच्या आसपास जातं. १९ किलोचा हिशेब मात्र वेगळा आहे. वाढलेलं शरीर जास्त खर्च करतं, म्हणून एक जादा किलो टिकवायलाही रोज साधारण २४ कॅलरी जास्त लागतात. म्हणजे दादा आज सव्विशीतल्यापेक्षा रोज साडेचारशेच्या आसपास जास्त खातोय. "रोज एक बिस्किट जास्त खाल्लं म्हणून वीस किलो" हे गणितही म्हणूनच चुकीचं. एका बिस्किटाने वजन किलो-दोन किलो वाढून थांबतं. इथे खाणं वर्षानुवर्षं हळूहळू वाढत गेलंय.

टेन्शनबद्दल: ज्यांना खाण्या-वजनाच्या विचारांचा आजार झालेला आहे, त्यांनी रोज काटा वापरू नये, टेपही डॉक्टरांना विचारूनच. इतरांसाठी अमेरिकेत १८ ते ३५ वयाच्या ५९९ जणांवर चाचणी झाली. रोज वजन करून त्याप्रमाणे खाणं-हालचाल सांभाळायला शिकलेल्यांचं वजन तीन वर्षांत सरासरीने थोडं कमीच झालं. बाकीच्यांचं थोडं वाढलं. आणि चार-पाच दिवसांत दोन किलो वाढून पायांना सूज किंवा धाप असेल तर सरासरीची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

लिंबू-मध. लिंबाने चरबी वितळत नाही आणि मोठा चमचाभर मधात साठेक कॅलरी असतात.

दादाच्या साखरेचं त्याच्या डॉक्टरांशी बोलून ठरलंय, ती वेगळी गोष्ट. निघताना मी भाच्याला काट्यावर बोलावलं. वय २४, पुण्यात पहिली नोकरी, दोन दिवसांसाठी आलेला. ६४.३. तोही दादाएवढाच उंच. म्हणाला, "आत्या, मी तर बारीक आहे." त्याच्या बाबाचा सव्विसाव्या वर्षीचा कागद त्याच्या हातात दिला. त्याने बघितला, आणि काटा कितीला मिळतो ते विचारलं.