शून्य-शंभर लावलं की झालं?

«फ्लेम फोटोमीटरवर मातीतलं पोटॅशियम आणि सोडियम काढायला फार डोकं लागत नाही. डिस्टिल्ड वॉटरवर शून्य आणि सर्वांत मोठ्या स्टँडर्डवर शंभर लावा, मधलं सगळं सरळ प्रमाणात येतं. रीडिंग स्केलबाहेर गेलं तर नमुन्यात पाणी घालून पातळ करा आणि तेवढ्याने गुणा. फिल्टर असतोच, त्यामुळे दुसऱ्या कशाचा अडथळा येत नाही. अमोनियम ॲसिटेटच्या अर्कात जेवढं सोडियम उतरलं, तेवढं विनिमययोग्य.»

हे यंत्र सोपं आहे, एवढं मला मान्य आहे. पण ते पोटॅशियम मोजत नाही. ज्योतीत शिरलेल्या फवाऱ्यातून ७६६ नॅनोमीटरच्या आसपास (सोडियमसाठी ५८९ ला) किती उजेड आला, एवढंच त्याला कळतं. त्या उजेडाची एकाग्रता करायची ती स्टँडर्डशी तुलना करून. त्यामुळे स्टँडर्ड आणि नमुना एकाच जातीचे नसतील तर यंत्र बिनचूक चालूनही उत्तर चुकतं.

आधी सरळ रेषेचं बघू. ज्योतीच्या मधल्या गरम भागात पोटॅशियमचे अणू प्रकाश सोडतात आणि कडेच्या थंड भागातले तेच अणू त्यातला काही शोषून घेतात. एकाग्रता वाढते तसं हे शोषणही वाढतं, म्हणून आलेख वर जाताना आडवा झुकतो. उदाहरणादाखल ०, ५, १०, १५ आणि २० पीपीएमच्या पोटॅशियम स्टँडर्डची रीडिंग ०, २८, ५४, ७८ आणि १०० धरा. फक्त दोन टोकं लावणाऱ्याला ५४ हे रीडिंग १०.८ पीपीएम वाटेल. खरं आहे १०. मधल्या भागात आठ टक्के चूक, तीही नेहमी वरच्या बाजूने. वरचं स्टँडर्ड ४० किंवा ५० पीपीएमचं घेतलं तर वाक आणखी वाढतो. पाच बिंदूंचा आलेख काढायला दहा मिनिटं लागतात. गॅस आणि हवेचा दाब हलला की तोही सरकतो, म्हणून मी दर दहा नमुन्यांनंतर १० पीपीएमचं स्टँडर्ड पुन्हा लावून बघतो. ते हललेलं दिसलं तर मधले दहा नमुने परत घ्यावे लागतात. कंटाळा येतो, पण इलाज नाही.

खरी गडबड होते ती पाण्यात. मातीचा अर्क काढतात १ नॉर्मल अमोनियम ॲसिटेटमध्ये, म्हणजे लिटरला ७७ ग्रॅम मीठ, पीएच ७. हे द्रावण पाण्यापेक्षा दाट असतं. नेब्युलायझरच्या बारीक नळीतून ते पाण्यापेक्षा हळू ओढलं जातं, फवाराही वेगळा बनतो. पोटॅशियम तेवढंच असलं तरी ज्योतीत दर सेकंदाला पोचणारे अणू बदलतात. म्हणून शून्य लावायचं ते डिस्टिल्ड वॉटरवर नव्हे, ॲसिटेटवर, आणि स्टँडर्डही ॲसिटेटमध्येच बनवायची.

स्टॉकसाठी ११० अंशांवर दोन तास वाळवलेलं पोटॅशियम क्लोराइड १.९०७ ग्रॅम पाण्यात विरघळवून एक लिटर करा. हे १००० पीपीएम पोटॅशियम झालं. सोडियमसाठी असंच वाळवलेलं सोडियम क्लोराइड २.५४२ ग्रॅम. स्टॉकचे १० मिली १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये घेऊन ॲसिटेटने खुणेपर्यंत भरले की १०० पीपीएम मिळतं. त्याचे ५, १०, १५, २० मिली वेगवेगळ्या १०० मिली फ्लास्कमध्ये घेऊन प्रत्येक फ्लास्क पुन्हा ॲसिटेटने भरायचा. मधलं १०० पीपीएमचं द्रावण ॲसिटेटमध्येच करायला सांगतो त्याला कारण आहे. ते पाण्यात केलं तर २० पीपीएमच्या फ्लास्कमध्ये ॲसिटेट ०.८ नॉर्मल उरतं आणि ५ पीपीएमच्या फ्लास्कमध्ये ०.९५. म्हणजे स्टँडर्डचा आपसातलाच मेळ गेला.

आता नमुना. ५ ग्रॅम माती, २५ मिली ॲसिटेट, पाच मिनिटं हलवून गाळली. अर्क लावला तर काटा स्केलबाहेर. ५ मिली अर्क घेऊन २५ मिली केला, म्हणजे पाच पट पातळ. (काहीजण १:५ वाचून ५ मिलीत २५ मिली घालतात. ते सहा पट होतं, आणि ही चूक मागाहून कुठल्याच आकड्यातून पकडता येत नाही.) पण हे २५ मिली कशाने भरले? पाण्याने भरले असतील तर नमुन्यात ॲसिटेट उरलं ०.२ नॉर्मल, आणि शेजारी स्टँडर्ड १ नॉर्मलमध्ये. पातळ नमुना झटकन ओढला जातो आणि त्याचं पोटॅशियम बहुधा फुगून दिसतं. किती, ते यंत्रागणिक वेगळं; पण आपल्या यंत्रावर तपासणं सोपं आहे. १० पीपीएम पोटॅशियमची तीन द्रावणं करा: एक पाण्यात, एक ०.२ नॉर्मल ॲसिटेटमध्ये, एक १ नॉर्मलमध्ये. तिन्ही पाठोपाठ लावा. रीडिंग सारखी आली तर खुशाल पाणी घाला. नाही आली तर पातळ करायला ॲसिटेटच वापरा, किंवा शून्य, स्टँडर्ड आणि नमुने सगळे ०.२ नॉर्मलवर आणा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. मीठ कमी गेल्याने नळी कमी तुंबते. मात्र त्यासाठी प्रत्येक नमुना पाच पटच पातळ करायचा, मनाला येईल तेवढा नाही.

ॲसिटेटने पातळ केलेल्या नमुन्याचं रीडिंग ६६ आलं असं धरू. वरच्या आलेखावर ते ५४ आणि ७८ च्या बरोबर मध्ये, म्हणजे १२.५ पीपीएम. पातळ करण्याचे ५ आणि अर्काचे ५ (२५ मिली भागिले ५ ग्रॅम), दोन्हींनी गुणल्यावर ३१२.५ मिलिग्रॅम प्रति किलो माती. ३९१ ने भागलं की ०.८० सेंटिमोल प्रति किलो. ब्लँक यातून वजा व्हायला हवा, आणि ब्लँक म्हणजे बाटलीतलं कोरं ॲसिटेट नव्हे. माती न घालता त्याच बाटलीत हलवून, त्याच गाळण कागदातून गाळलेलं ॲसिटेट. पोटॅशियमला याचा फारसा फरक पडत नाही. सोडियम मात्र काचेतून, कागदातून, बोटांच्या घामातूनही येतं. एका प्रयोगशाळेत मी सोडियमचा ब्लँक पीपीएमच्या दोन आकडी घरात गेलेला पाहिला आहे. अर्धा दिवस सगळे कागद बदलत बसले. शेवटी कळलं की ॲसिटेटचा पीएच ७ करायला कुणीतरी अमोनियाऐवजी कॉस्टिक सोडा घातला होता.

फिल्टरबद्दल थोडक्यात. गॅस-हवेच्या ज्योतीत कॅल्शियमचे हायड्रॉक्साइडच्या रूपातले पट्टे ५५४ आणि ६२२ नॅनोमीटरच्या आसपास चमकतात. सोडियमची ५८९ ची रेषा बरोबर त्यांच्या मध्ये बसते. साध्या यंत्रातला फिल्टर काही इतका अरुंद नसतो. चिकण मातीत विनिमययोग्य कॅल्शियम ४० सेंटिमोल असेल आणि ते सगळं उतरलं, तर ५:२५ च्या अर्कात १६०० पीपीएम कॅल्शियम येतं. त्याच अर्कात सोडियम ५ पीपीएम असेल तर त्या पाचात कॅल्शियमचा उजेड किती, हे विचारायलाच हवं. शुद्ध प्रतीचं, सोडियम नगण्य असलेलं कॅल्शियम कार्बोनेट ०.२५ ग्रॅम थोड्या पातळ ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळवा आणि ॲसिटेटने १०० मिली करा. हे १००० पीपीएम कॅल्शियम सोडियमच्या फिल्टरवर लावा. ब्लँकपेक्षा जे जास्त दिसेल ती आपल्या यंत्राची गळती. ती मोठी असेल तर स्टँडर्डमध्ये आणि शून्याच्या द्रावणातही तेवढंच कॅल्शियम घाला. अर्कात सोडियम शंभराच्या वर असेल तर मी या भानगडीत पडत नाही.

राहिलं सुरुवातीच्या दाव्यातलं शेवटचं वाक्य, अर्कात उतरलं तेवढं सोडियम विनिमययोग्य, आणि तेच सगळ्यात महाग पडतं. ॲसिटेट मातीच्या कणांवर धरलेलं, म्हणजे विनिमययोग्य, सोडियम सोडवतं आणि कणांमधल्या पाण्यात आधीच विरघळलेलं सोडियमही उचलतं. खारट नसलेल्या मातीत दुसरा भाग नगण्य असतो. खारट मातीत नसतो.

एक नमुना पूर्ण सोडवून बघा. अर्क दहा पट पातळ केला, सोडियम १३.८ पीपीएम आलं. अर्कात १३८, मातीत त्याच्या पाच पट, म्हणजे ६९० मिलिग्रॅम प्रति किलो. २३० ने भागलं की ३.० सेंटिमोल. या मातीची धन आयन विनिमय क्षमता १५ सेंटिमोल आहे. दाव्याप्रमाणे हिशेब केला तर विनिमययोग्य सोडियमचं प्रमाण २० टक्के. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या १९५४ च्या हस्तपुस्तिका क्रमांक ६० पासून १५ टक्के ही चोपण जमिनीची रेषा धरतात. वीस म्हणजे चोपण, जिप्सम टाका.

आता त्याच मातीचा संपृक्त लगदा करून त्यातलं पाणी ओढून काढलं. माती संपृक्त व्हायला किलोला ०.५ लिटर पाणी लागलं होतं, आणि त्या पाण्यात सोडियम निघालं ५५२ पीपीएम, म्हणजे लिटरला २४ मिलिमोल. किलोमागे १२ मिलिमोल, अर्थात १.२ सेंटिमोल. हे नुसतं विरघळलेलं मीठ, कणांना न चिकटलेलं. तीनातून ते वजा केलं की उरतं १.८, आणि १५ पैकी १.८ म्हणजे १२ टक्के. हीच माती आता खारट आहे, चोपण नाही. तिला निचरा करून मीठ धुऊन काढायला हवं.

संपृक्त अर्क ॲसिटेटमध्ये नसतो, त्याची सोडियमची स्टँडर्ड पाण्यातच करायची. हीच एक जागा जिथे पाण्यावर शून्य लावणं बरोबर आहे. ५५२ पीपीएम सरळ लावता येत नाही; ५ मिलीचे २५० मिली केले की ११ च्या आसपास येतं. संपृक्त अर्क काढायला वेळ नसेल तर आधी मातीची विद्युत वाहकता बघा. ती कमी असेल तर वजाबाकीशिवाय चालून जाईल. जास्त असेल तर त्या आकड्यापुढे विनिमययोग्य न लिहिता अर्कातलं सोडियम असं लिहा.