दिरहमसारखा रुपया बांधला, तर झळ कोणाला लागेल?

«दुबईचा दिरहम डॉलरला बांधलाय म्हणून पंचवीस वर्षांत एका पैशाने पडला नाही. आपणही रुपया डॉलरला बांधा आणि जेवढ्या नोटा तेवढे डॉलर मागे ठेवा, नाहीतर सरळ डॉलरच चालू करा. नोटा छापणं बंद, महागाई बंद, घसरण बंद. सरकारला फक्त इच्छा हवी.»
(खेड-रत्नागिरीकडच्या, आखातात माणसं असलेल्या घरांमध्ये फिरणारा मेसेज)

आधी दुबईच घेऊ. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर आहे, हे खरं. पण दर बांधला की व्याजदरही अमेरिकेचाच घ्यावा लागतो, नाहीतर पैसा जास्त व्याजाकडे धावतो आणि बांधलेल्या दरावर ताण येतो. २००७-०८ मध्ये अमेरिकेत घरकर्जं बुडत होती, म्हणून तिथली मध्यवर्ती बँक व्याज उतरवत होती. दुबईत तेव्हा तेलाचा पैसा ओसंडत होता, बांधकामं जोरात होती. तिथे व्याज वाढवायची गरज असताना ते उतरवावं लागलं आणि महागाई दोन अंकी झाली. आपली माणसं तेव्हा तिथे होती. खोलीच्या भाड्याचे चटके त्यांना विचारा. शेजारच्या कुवेतने मे २००७ मध्ये डॉलरची गाठ सोडली, ती याच आयात झालेल्या महागाईमुळे.

मग मंदी आली. २००९ मध्ये दिरहम तसूभर हलला नाही, नोकऱ्या मात्र गेल्या. तिथे व्हिसा नोकरीला जोडलेला, त्यामुळे काम सुटलं की घरी परत. चलन पडून जो धक्का सगळ्यांमध्ये वाटला गेला असता, तो कामगारावर पडला, आणि त्यातला काही आपल्याच गावांनी सोसला. भारताला आपले बेकार झालेले लोक असे परदेशी पाठवता येणार नाहीत. ते इथेच राहतील.

आणखी एक गोष्ट या मेसेजवाल्यांना माहीत असायला हवी. एकेकाळी याच आखातात आपला रुपया चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास तिथल्यासाठी वेगळ्या नोटा काढल्या. ६ जून १९६६ ला दिल्लीने अवमूल्यन केलं आणि डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला. दुबईच्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यातल्या नोटांची डॉलरमधली किंमत एका रात्रीत एक तृतीयांशाहून जास्त उतरली. त्याला कोणी विचारलं नव्हतं, विचारायचं कारणही नव्हतं. निर्णय भारताच्या गरजेपुरता होता. कुवेत आणि बहरीन आधीच बाहेर पडले होते, दुबई-कतारने त्याच वर्षी रुपया सोडला. दुसऱ्याचं चलन वापरण्याचा अनुभव घेऊनच त्यांनी स्वतःचं चलन काढलं.

आता «जेवढ्या नोटा तेवढे डॉलर». याला करन्सी बोर्ड म्हणतात, आणि नोटांपुरतं बोलायचं तर भारताला ते जमेलही. चलनात नोटा ३५ लाख कोटींहून जास्त, तर परकीय गंगाजळी त्याहून बरीच जास्त. पण आपला पैसा नोटांत थोडा आणि बँकेच्या खात्यांत फार असतो. बँकांतल्या ठेवी २०० लाख कोटींच्या वर आहेत. त्यांच्यामागे डॉलर नसतात, असूही शकत नाहीत; ते पैसे कर्जाऊ दिलेले असतात. सगळी गोम इथे आहे, आणि अर्जेंटिनाने ती भोगली आहे.

अर्जेंटिनात १९८९ मध्ये महागाई हजारो टक्क्यांवर गेली होती. एप्रिल १९९१ मध्ये अर्थमंत्री कावालो यांनी कायदाच केला: पुढच्या वर्षी आलेला नवा पेसो म्हणजे एक डॉलर, आणि पाहिजे तेव्हा बदलून मिळेल. औषध लागू पडलं. दोन-तीन वर्षांत महागाई एक आकडी झाली, हे मान्यच करायला हवं. पण तो रोग आपल्याला नाही. एक आकडी महागाईवर हा उपाय म्हणजे तापासाठी हात कापणं.

बोर्डाचा नियम असा की डॉलर देशाबाहेर गेला की तेवढा पेसो आपोआप चलनातून कमी होतो. म्हणजे संकटात पैसा आणखी आटतो, व्याज चढतं, धंदे बसतात. १९९५ मध्ये मेक्सिकोच्या संकटाने लोक घाबरले आणि बँकांतल्या ठेवींचा सुमारे सहावा भाग निघून गेला. तेव्हा बाहेरून कर्ज मिळालं म्हणून निभावलं. जानेवारी १९९९ मध्ये ब्राझीलने चलन मोकळं सोडलं, डॉलरला १.२१ रेआल होते ते काही आठवड्यांत दोनच्या आसपास गेले. ब्राझील हे अर्जेंटिनाचं सर्वात मोठं गिऱ्हाईक. त्याला अर्जेंटिनाचा माल एकदम महाग झाला.

हे मिरकरवाड्याच्या जेटीवर आणून पाहा. कोळंबीचा भाव परदेशी खरेदीदार डॉलरमध्ये ठरवतो. स्पर्धक देशाचं चलन पडलं की तो भाव पाडून मागतो. रुपयाही थोडा उतरला तर निर्यातदाराच्या हातात रुपये साधारण तेवढेच येतात आणि खलाशाचा वाटा टिकतो. रुपया बांधलेला असेल, तर डिझेल, बर्फ आणि कर्जाचा हप्ता तेवढाच राहतो आणि भाव घटतो. मग कपात होते ती खलाशाच्या वाट्यात, नाहीतर लाँच किनाऱ्याला लागते. अर्जेंटिनात हेच कारखान्यांत झालं, वर्षानुवर्षं.

२००१ च्या अखेरीस लोक ठेवी काढायला धावले. आपल्याकडे अशा वेळी रिझर्व्ह बँक अडचणीतल्या बँकेला रुपये देऊ शकते. अर्जेंटिनाच्या मध्यवर्ती बँकेला हवे होते डॉलर, आणि ते छापता येत नाहीत. १ डिसेंबरला सरकारने आठवड्याला २५० पेसोंहून जास्त रोख काढायला बंदी केली. दंगली झाल्या, माणसं मेली, २० डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष दे ला रुआ यांनी राजीनामा दिला. जानेवारीत कायदा गुंडाळला. वर्षाच्या मध्याला डॉलर साडेतीन पेसोंच्या पुढे होता आणि कामाच्या शोधातला दर पाचवा माणूस बेकार. अकरा वर्षं थोपवलेली घसरण काही महिन्यांत आली.

राहिला सरळ डॉलर. इक्वेडोरने जानेवारी २००० मध्ये २५,००० सुक्रेंना एक डॉलर या दराने तो घेतला. महागाई काही वर्षांत आटोक्यात आली आणि लोकांना ती व्यवस्था आजही हवी आहे. किंमत मात्र मोजावी लागते. एप्रिल २०१६ च्या भूकंपानंतर तिथल्या सरकारला वर्षभरासाठी व्हॅट १२ वरून १४ टक्के करावा लागला, कारण व्याज उतरवणं किंवा नोटा छापणं तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या हातात उरलं नव्हतं. जून २०२० मध्ये आपल्याकडे निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडला झोडपलं तेव्हा कोरोनाही होता, आणि रिझर्व्ह बँकेने दोन महिन्यांत रेपो दर ५.१५ वरून ४ टक्क्यांवर आणलेला होता. शिवाय रिझर्व्ह बँकेने २०२४-२५ साठी केंद्राला २,६८,५९० कोटी दिले. नोटांच्या बदल्यात घेतलेल्या रोख्यांचं व्याज हा त्या कमाईचा मोठा आधार. डॉलर वापरला तर नोटांवरची ती कमाई अमेरिकेला मिळते.

दोन्हींत परतीचा रस्ताही सारखा नाही. बोर्ड एका कायद्याने मोडता येतं, कारण पेसो खिशात असतोच. डॉलर सोडायचा तर नवं चलन छापून लोकांच्या गळी उतरवावं लागतं, आणि त्याची नुसती कुणकुण लागली तरी जो तो बँकेतून डॉलर काढायला निघतो.