सोबत : वरीलप्रमाणे

लॉज चालवणाऱ्याची खरी परीक्षा गिऱ्हाईक घेत नाही. ती दर मार्चमध्ये महानगरपालिकेच्या परवाना विभागाला लिहायच्या एका पानाच्या पत्रात असते. परवान्याची मुदत ३१ मार्चला संपते, आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३७६ अन्वये मिळालेला तो कागद काउंटरमागच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत नसेल, तर स्वच्छ चादरी आणि चोवीस तास गरम पाणी यांना कायद्याच्या दृष्टीने काडीचीही किंमत उरत नाही.

पत्राची सुरुवात सोपी असते. ‘प्रति, मा. आयुक्त’ लिहावे, त्याखाली कंसात ‘परवाना विभाग’ टाकावे, कारण तसे न केल्यास पत्र खुद्द आयुक्तांच्या कार्यालयाकडे जाते आणि तिथून खाली उतरायला त्याला फार वेळ लागतो. विषय ‘लॉजच्या व्यवसाय परवान्याच्या नूतनीकरणाबाबत’ असा असावा. ‘विनंती’ हा शब्द विषयात घालू नये. विनंतीला मजकुरात जागा आहे, आणि विषयाची ओळ आवक नोंदवहीच्या अरुंद रकान्यात मावावी लागते. संदर्भात जुन्या परवान्याचा क्रमांक आणि दिनांक द्यावा. येथपर्यंत माणूस प्रसन्न असतो.

मग ‘जागेचा तपशील’ येतो.

आमचा लॉज भाड्याच्या इमारतीत, तळमजला अधिक दोन मजले असा आहे. त्याचे क्षेत्रफळ किती, हा प्रश्न मला कोणी सहज विचारला तर मी लगेच उत्तर देईन; पण पत्रात लिहायचे म्हणून मी कागद पुढे ओढले, तेव्हा प्रत्येक कागदाचे उत्तर वेगळे निघाले. जुना परवाना म्हणतो ३,२०० चौरस फूट. मालमत्ता कराचा आकारणी उतारा म्हणतो २९७.२९ चौरस मीटर. नोंदणीकृत भाडेकरार म्हणतो २,५६० चौरस फूट. टेबलावरच्या लिपिकांनी गेल्या खेपेला हे तिन्ही आकडे लाल पेनाने गोल करून माझ्यापुढे सरकवले होते आणि अत्यंत सौजन्याने विचारले होते, ‘‘साहेब, यातला तुमचा लॉज कोणता?’’

तिन्ही माझेच, हे उत्तर खरे असले तरी फाईलला चालत नाही. वस्तुस्थिती अशी की एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६४ चौरस फूट, त्यामुळे २९७.२९ ला त्याने गुणले की ३,२०० च येतात; म्हणजे परवाना आणि उतारा यांच्यात भांडण नाहीच, दोघे एकच गोष्ट वेगवेगळ्या मापात सांगत आहेत. भाडेकरारातला आकडा मात्र खरोखर वेगळा आहे, कारण तो चटई क्षेत्राचा आहे, आणि त्यात भिंतींची जाडी, जिना आणि प्रत्येक मजल्यावरचा सामाईक व्हरांडा धरलेला नाही. म्हणून या वर्षी मी पत्रात एकच वाक्य लिहिले, आणि ते लिहिताना मला स्वतःविषयी थोडा आदरही वाटला : ‘सदर जागेचे एकूण बांधकाम क्षेत्र २९७.२९ चौ. मी. (म्हणजेच ३,२०० चौ. फूट) असून त्यापैकी चटई क्षेत्र २,५६० चौ. फूट आहे, भाडेकरारात चटई क्षेत्र व आकारणी उताऱ्यात बांधकाम क्षेत्र नमूद आहे.’ लाल पेन असलेल्या माणसाने गोल करण्याआधीच आपण कंस करून ठेवावा, एवढेच यातले कौशल्य.

क्षेत्रफळ सुटले की खोल्या येतात. आमच्या लॉजमध्ये चौदा खोल्या आहेत, पण शेवटच्या खोलीच्या दारावर पंधरा हा आकडा आहे, कारण आधीच्या चालकांनी तेरा नंबर ठेवलाच नाही. त्या नंबरच्या खोलीत कोणी उतरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते बरोबरही असेल. आम्हाला ते पडताळण्याची संधी मिळालेली नाही. परवाना निरीक्षक पाहणीला आले, व्हरांड्याच्या टोकाशी जाऊन त्यांनी शेवटचा आकडा वाचला आणि पाहणी अहवालात ‘प्रत्यक्षात १५ खोल्या आढळल्या’ असे लिहिले. परवान्यात चौदा आणि अहवालात पंधरा, म्हणजे सरळसरळ विनापरवाना वाढ. मी त्यांना पुन्हा मोजायला सांगितले. त्यांनी मोजल्या, चौदा भरल्या, आणि मग त्यांनी विचारले, ‘‘मग तेरा नंबर कुठे आहे?’’ नसलेली खोली दाखवणे हे असलेली खोली लपवण्यापेक्षा अवघड असते, हे मला त्या व्हरांड्यात कळले. तेव्हापासून माझ्या पत्रात ‘एकूण खोल्या १४, एकूण खाटा २८, खोली क्रमांक १३ अस्तित्वात नाही व यापूर्वीही नव्हती’ असे एक गंभीर वाक्य असते आणि सोबतच्या नकाशात बारानंतर पंधराकडे न धावता चौदा कुठे आहे, तेही बाणाने दाखवलेले असते.

सहपत्रांचे मानपान वऱ्हाडासारखे असते : कोण आधी, कोण नंतर, यावरून रुसवे होतात. माझा अनुभव असा की पत्रात ज्या क्रमाने विधान केले त्याच क्रमाने कागद लावावेत, प्रत्येकावर पृष्ठक्रमांक टाकावा आणि यादीत तो क्रमांक लिहावा. जुना परवाना, आकारणी उतारा, चालू वर्षापर्यंतच्या मालमत्ता कर व पाणीपट्टीच्या पावत्या, भाडेकरार, घरमालकांचे ना हरकत पत्र, नकाशा. प्रती स्वयंसाक्षांकित चालतात, पण प्रत्येक पानावर सही हवी. शेवटच्या पानावर एकच भारदस्त सही करून भागत नाही.

अग्निशमनाचा कागद मात्र वेगळ्या स्वभावाचा आहे. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत, असे वर्षातून दोनदा सादर करायचे असते. मार्चच्या अर्जाला जानेवारीचे जोडावे. फाईलमध्ये हाताला लागले म्हणून जुलैचे जोडले, तर ते खरे असूनही शिळे ठरते. शिवाय निरीक्षक प्रमाणपत्र वाचत नाहीत, ते जिन्याखालच्या नळकांड्यावरचे चिकटपत्र वाचतात. त्यावरची पुनर्भरणाची तारीख आमच्या पोऱ्याने पुसताना अर्धी पुसली होती. नळकांडे भरलेले होते, काटा हिरव्या पट्ट्यात होता, पण तारखेवाचून ते रिकामेच मानले गेले, आणि संस्थेच्या माणसाला नवे चिकटपत्र घेऊन बोलवावे लागले.

शेवटी पत्र दिले. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मागून घेतला, कारण त्या शिक्क्याशिवाय आपण कार्यालयात गेलो होतो हे फक्त आपल्यालाच माहीत असते. यथावकाश नूतनीकृत परवाना हाती आला. नाव बरोबर, पत्ता बरोबर, खोल्या चौदा. क्षेत्रफळाच्या रकान्यात छापले होते : ३,२०० चौ. मी.

म्हणजे जवळपास ३२ गुंठे. माझ्या कंसातला आकडा उचलताना कोणीतरी त्याला कंसाबाहेरचे माप लावले होते. हा परवाना उद्या मालमत्ता कराच्या टेबलावर गेला तर माझी अवस्था काय होईल, याचा विचार करत मी कागद ओढला. ‘विषय : परवान्यातील क्षेत्रफळाच्या दुरुस्तीबाबत.’ सहपत्रे तीच, फक्त पृष्ठक्रमांक नव्याने घालायचे आहेत.